पगाराच्या स्लिपचा फोटो समोर ठेवून प्रत्येक कपात कशी तपासायची

नवीन नोकरीला लागलेली मुलं पगार झाला की स्लिपचा फोटो काढतात आणि घरातल्या ज्या माणसाला हिशोबातलं कळतं त्याला पाठवून देतात. चिपळूणजवळच्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षं पगार काढण्याचं काम केलं, म्हणून आमच्या गोतावळ्यातले असे फोटो माझ्याकडे येतात. त्यांतला एक फोटो घेऊन, एकेका ओळीवर बोट ठेवत कपाती कशा वाचायच्या ते इथे सांगते. आकडे ज्या मुलीचे आहेत तिला विचारूनच घेतले आहेत.

मुलगी माझ्या बहिणीची, हर्णैची. मे 2025 मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात लागली. जूनचा पगार तिच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा होता, कारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत बंदरातल्या होड्या शाकारलेल्या असतात आणि घरात रोजची मिळकत नसते. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "मावशी, वीस हजार सांगितले होते, तेरा हजार जमा झालेत. सात हजार गेले कुठे?"

आधी फोटो नीट करून घ्या

पहिला फोटो तिनं खोलीतल्या दिव्याखाली काढलेला होता. उजवी कड कापली गेलेली, वरचा भाग गायब आणि मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग. असा फोटो वाचायचा प्रयत्न करू नका, परत मागवा. कागद सपाट ठेवून खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, चारही कोपरे दिसतील असा फोटो हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक आकडे पुसट होतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. स्लिप पीडीएफमध्ये मिळत असेल तर तीच पाठवावी.

दुसरी काळजी पाठवणाऱ्यानं घ्यायची. स्लिपवर बँक खात्याचा नंबर, पॅन आणि यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक असतो. कपात समजून घ्यायला यातलं काहीच लागत नाही. फोनमधल्या खुणा करायच्या सोयीनं त्यावर काळी पट्टी मारावी आणि फोटो एकाच माणसाला पाठवावा, घरच्या ग्रुपवर टाकू नये. मात्र महिना, हजेरीचे दिवस आणि रुजू झाल्याची तारीख झाकू नये. निम्मा हिशोब त्यावरच उभा असतो.

दुसऱ्या फोटोत स्लिप अशी दिसली:

```
JUNE 2025   PAID DAYS 28   LOP 2
BASIC    9333    PF         1456
DA       2800    ESIC        126
HRA      1867    PT          200
SPL ALW  2800    MLWF         25
                 CANTEEN     4?0
                 ADV        1000
                 UNI DEP     300
GROSS   16800    TOTAL DED  3557
NET PAY 13243
ER PF 445   ER EPS 1011   ER ESI 546
```

कॅन्टीनचा मधला आकडा घडीवर आला होता. 450 की 480? असं झालं की डोळे ताणून उपयोग नाही, बेरीज करावी. बाकीच्या सहा कपातींची बेरीज 3,107 येते. खाली छापलेली एकूण कपात 3,557. फरक 450, म्हणजे तो आकडा 450 आहे. मग 16,800 मधून 3,557 वजा करून 13,243 येतात का, आणि बँकेत तेवढेच जमा झाले का, हेही पाहून घ्यायचं. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. फोटोतला एक आकडा चुकीचा वाचला तर नंतरचा सगळा हिशोब आणि ऑफिसशी होणारं बोलणं दोन्ही फसतात.

वीस हजार मुळात कोणते होते

तिच्या नेमणूक पत्रात महिन्याचा आकडा 20,145 होता, आणि त्याच्यापुढे सीटीसी लिहिलं होतं. म्हणजे कंपनीला ती माणूस म्हणून महिन्याला किती पडते तो खर्च. पूर्ण महिना भरला तर तिचा पगार 18,000: मूळ पगार 10,000, महागाई भत्ता 3,000, घरभाडे भत्ता 2,000 आणि विशेष भत्ता 3,000. उरलेले 2,145 म्हणजे कंपनीनं स्वतःच्या खिशातून भरायचा भविष्यनिर्वाह निधीचा 1,560 चा वाटा आणि कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयसीचा, 585 चा वाटा. ते तिच्या हातात कधीच येणार नव्हते. मुलाखतीत तोंडी "वीस हजार" सांगतात आणि घरी तोच आकडा पोचतो, म्हणून पहिल्या महिन्यात इतकी मुलं नाराज होतात. नेमणूक पत्र हातात आलं की सीटीसी, एकूण पगार आणि हातात येणारी रक्कम हे तीन आकडे वेगळे लिहून मागावेत. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

स्लिपच्या तळाशी `ER` नं सुरू होणारे तीन आकडे दिसतात ते हेच, मालकाचे वाटे. जूनमध्ये हजेरी कमी असल्यानं ते थोडे कमी आहेत. भाचीनं ते तिन्ही कपातीत धरले होते. ओळखायची खूण सोपी आहे: ते एकूण कपातीच्या बेरजेत आहेत का? इथे नाहीत, म्हणजे ते फक्त माहितीसाठी छापलेत. काही कंपन्या हेच आकडे डावीकडे मिळकतीतही दाखवतात आणि उजवीकडे कपातीतही. तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींना खातात आणि नुकसान होत नाही. पण मालकाचा वाटा डावीकडे नाही आणि उजवीकडे मात्र कापलेला आहे, असं दिसलं तर ते गंभीर आहे. मालकाला स्वतःचा वाटा कामगाराच्या पगारातून वसूल करायला कायद्यानं बंदी आहे.

कपातीच्या रकान्यात न दिसणारी कपात

तिच्या सात हजारांपैकी 1,200 रुपये उजव्या रकान्यात कुठेच नाहीत. ते डावीकडे मुरले आहेत. `LOP 2` म्हणजे दोन दिवस बिनपगारी. बंदी सुरू होताना वडिलांना जाळी आवरायला मदत करण्यासाठी ती दोन दिवस हर्णैला गेली होती, आणि नवीन असल्यामुळे तिच्या खात्यावर रजा नव्हती. 18,000 ला 30 नं भागलं की रोजचे 600, दोन दिवसांचे 1,200. उरले 16,800. प्रत्येक भत्ता 28/30 नं कमी केलेला आहे. मूळ पगार 9,333 दिसतो तो त्यामुळे.

इथे दोन गोष्टी तपासाव्यात. एक, भागाकार कितीनं केलाय. काही कारखाने 26 नं भागतात. ती पद्धत चालते, पण मग भरलेले दिवसही 26 पैकीच मोजायला हवेत, कारण तेव्हा साप्ताहिक सुट्ट्या दोन्हीकडून वगळलेल्या असतात. दिवस 30 पैकी मोजायचे आणि कापताना मात्र 26 नं भागून एका दिवसाचे 692 रुपये कापायचे, हे चूक. दोन, गैरहजर दिवस खरोखर किती. शनिवारी आणि सोमवारी रजा घेतली की मधला रविवारही बिनपगारी धरण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती नेमणूक पत्रात किंवा कंपनीच्या नियमांत लिहिलेली आहे का ते विचारावं. आणि माल नाही म्हणून कारखान्यानंच घरी बसवलेला दिवस हा तुमच्या रजेत जाता कामा नये. बंदीच्या महिन्यांत मासळीच्या कारखान्यात असे दिवस येतात. अशा दिवसांचा निरोप मेसेजवर आला असेल तर तो पुसू नका.

पीएफ: सर्वात मोठी कपात, आणि ती तुमचीच

भविष्यनिर्वाह निधीला सगळे पीएफच म्हणतात, मीही तेच म्हणते. कामगाराचा वाटा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिच्या 12 टक्के. जूनमध्ये 9,333 आणि 2,800 मिळून 12,133. त्याचे 12 टक्के म्हणजे 1,455.96, रुपयात 1,456. स्लिपशी जुळतं. घरभाडे भत्ता यात धरत नाहीत.

मालकही तेवढेच 1,456 भरतो, पण त्याचे दोन भाग होतात. 8.33 टक्के म्हणजे 1,011 रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 445 तिच्या पीएफ खात्यात. म्हणून पासबुकात तीन रकाने दिसतील: 1,456, 445 आणि 1,011. पहिले दोन मिळून तिची शिल्लक, तिच्यावर दरवर्षी व्याज मिळतं. 2024-25 साठी तो दर 8.25 टक्के होता. पेन्शनच्या रकान्यातल्या पैशावर व्याज धरलं जात नाही, त्याचे नियम वेगळे आहेत. मालकानं बारा टक्के भरूनही खात्यात 445 च का, असं बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर या विभागणीत आहे.

आता या ओळीतला कळीचा मुद्दा. कायद्यानं पीएफ सक्तीचा आहे तो 15,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावर, आणि ही मर्यादा सप्टेंबर 2014 पासून तीच आहे. तिचं पीएफचं वेतन त्याखाली आहे, म्हणजे ते किती धरायचं याला महत्त्व येतं. कारखान्यानं 2,800 चा विशेष भत्ता पीएफच्या बाहेर ठेवला आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जो भत्ता सगळ्यांना सरसकट, दरमहा मिळतो आणि जादा कामाशी जोडलेला नाही, तो मूळ वेतनाचाच भाग धरून त्यावर पीएफ भरायला हवा. नाव "विशेष" ठेवल्यानं तो विशेष होत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी वेतनाची व्याख्या आणखी घट्ट केली आहे. तिथे वगळायच्या भत्त्यांची यादीच दिली आहे, तिच्यात विशेष भत्ता नाही, आणि वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे.

विशेष भत्ता धरला असता तर पीएफ 14,933 वर, म्हणजे 1,792 झाला असता. हातात 336 कमी आले असते, पण मालकालाही 336 जास्त भरावे लागले असते. जून महिन्यात घरी पैसे पाठवायची घाई असलेल्या मुलीला हा फायदा पटकन दिसत नाही, हे मला समजतं. तरीही मी तिला हे सांगितलं, कारण बाकीच्या कपाती म्हणजे खर्च आहेत आणि ही एकच अशी आहे जिच्यातले पैसे तिच्या नावावर साठतात आणि मालकही त्यात भर घालतो. शेजारच्या टेबलावरच्या मुलींनाही तोच भत्ता मिळतो का, एवढं तिनं आधी पाहावं. मग सगळ्यांनी मिळून विचारावं.

स्लिपवर कापलं म्हणजे खात्यात जमा झालं असं नाही. जूनच्या पगाराचे पैसे कंपनीनं 15 जुलैपर्यंत भरायचे असतात. नंतर काही दिवसांनी नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 वर मिस कॉल द्यावा किंवा 7738299899 वर मराठीत उत्तर मागणारा मेसेज पाठवावा:

```
EPFOHO UAN MAR
```

शेवटच्या जमा रकमेचा मेसेज येतो. सविस्तर पासबुक उमंग अ‍ॅपवर दिसतं. त्यासाठी यूएएन सुरू केलेला आणि आधार जोडलेला हवा. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच आहे ना, हे पहिल्या महिन्यातच पाहून घ्यावं. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि आधारवर दुसरं, असं फार असतं. चार नोकऱ्या झाल्यावर ते दुरुस्त करायला गेलं की जुन्या कंपनीचा शिक्का शोधत फिरावं लागतं.

ईएसआयसी: 126 रुपयांत काय मिळतं

राज्य विम्याची कपात 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना लागू होते. कामगाराकडून 0.75 टक्के, मालकाकडून 3.25 टक्के. जून 2025 मध्ये पीएफसारखा हा हिशोब मूळ पगारावर थांबत नव्हता. घरभाडे आणि विशेष भत्ताही धरला जायचा. 16,800 चे 0.75 टक्के बरोबर 126. अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण रुपया धरतात: पगार 16,850 असता तर 126.38 येतात आणि कापायचे 127. म्हणून एका रुपयाच्या फरकासाठी कोणाला धारेवर धरू नका.

ही कपात बरोबर आहे, पण तिच्या बदल्यात काय घ्यायचं हे मुलांना कोणी सांगत नाही. कंपनीनं दिलेला दहा आकडी विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड मागून घ्यावं. त्यावर घरच्यांची नावं घालून घ्यावीत. अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही, त्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर, उपचार मिळतात. दवाखाना निवडताना विचार करावा. मुलगी तळोज्यात आणि आईवडील हर्णैत असतील तर दोघांना जवळची जागा वेगवेगळी निघते, आणि ती आजारी पडल्यावर शोधायची गोष्ट नाही. आजारपणाच्या रजेत पगाराच्या साधारण 70 टक्के भत्ता मिळतो, पण त्यासाठी सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि नवीन माणसाला तो सुमारे नऊ महिन्यांनंतर सुरू होतो. औषधोपचार मात्र आधीपासून मिळतात.

मध्येच पगार 21,000 च्या वर गेला तर कपात लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, ज्या सहामाहीत वाढ झाली ती संपेपर्यंत ती चालू राहते. वाढ मिळाल्यावरही कापताहेत म्हणून ओरड होते, तिचं कारण हे.

पीटी: इथे चूक सापडली

पीटी म्हणजे व्यवसाय कर, तो राज्य सरकारचा. महाराष्ट्रात पुरुषांना महिन्याचा पगार 10,000 च्या वर असेल तर 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. 7,501 ते 10,000 पर्यंत 175, त्याखाली काही नाही. स्त्रियांसाठी 1 एप्रिल 2023 पासून नियम वेगळा आहे: महिन्याचा पगार 25,000 पर्यंत असेल तर व्यवसाय कर शून्य.

भाचीचा पगार 16,800. पूर्ण महिन्यालाही 18,000. तिच्याकडून एक रुपयाही घ्यायला नको होता, आणि स्लिपवर 200 कापलेले आहेत. मे महिन्याची स्लिप मागवून पाहिली. रुजू झाली तेव्हा निम्मा महिना उलटून गेला होता, पगार 7,500 च्याही खाली होता, म्हणून तेव्हा कापले नव्हते आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. विचारल्यावर ऑफिसातून कळलं की संगणकात तिच्या नावापुढे लिंगाच्या रकान्यात "पुरुष" राहून गेलं होतं. अशा कामात ही चूक नेहमी होते. नवीन माणसाची नोंद करताना आधीच्याची नोंद उचलून वापरतात आणि एक रकाना बदलायचा राहतो. म्हणून एकीच्या स्लिपवर ती दिसली तर त्याच आठवड्यात लागलेल्या इतर मुलींनाही स्लिप पाहायला सांगावं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. जादा काम किंवा बोनस मिळून एखाद्या महिन्यात स्त्रीचा पगार 25,000 च्या वर गेला, तर त्या महिन्यापुरती कपात होऊ शकते.

25 रुपयांची ओळ

`MLWF` म्हणजे महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. फक्त जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापतात, म्हणून ती ओळ अचानक उगवल्यासारखी वाटते. 2024 च्या जूनपासून कामगाराचे 25 आणि मालकाचे 75. जुलैच्या स्लिपवरही ती दिसली तर विचारा, नाहीतर विसरून जा.

आयकराची ओळ तिच्या स्लिपवर नाही आणि असायलाही नको. 2025-26 मध्ये नव्या पद्धतीनं पगारदाराला साधारण पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. मात्र एवढ्या कमी पगारावर कोणी एक टक्का किंवा दहा टक्के टीडीएस कापत असेल आणि पीएफची ओळच नसेल, तर त्यांनी तुम्हाला कामगार म्हणून घेतलेलं नाही, कंत्राटदार किंवा सल्लागार म्हणून दाखवलं आहे. तेव्हा प्रश्न करापुरता राहत नाही. नेमणूक पत्र पुन्हा वाचायला घ्या.

कंपनीच्या स्वतःच्या कपाती

इथवरच्या ओळी सरकारी होत्या, टक्केवारीनं तपासता आल्या. कॅन्टीन, उचल आणि गणवेश या तिन्हींना टक्केवारी नसते, त्यांना कागद लागतो. कशाची कपात करता येते याची यादी कायद्यात आहे, आणि सगळ्या कपाती मिळून साधारणपणे पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. सहकारी पतसंस्थेचे हप्ते असले तर 1936 च्या वेतन कायद्यात ही मर्यादा 75 टक्के होती. तिच्या 3,557 कपाती पगाराच्या एकवीस टक्क्यांच्या आसपास आहेत, तो प्रश्न इथे नाही.

उचलीचे 1,000 बरोबर आहेत. खोलीची अनामत भरायला तिनं मे महिन्यात 3,000 उचल घेतली होती, तीन हप्त्यांत फेडायची. हा पहिला हप्ता. उचल घेताना रक्कम, हप्ता आणि सुरू होणारा महिना लिहून सही करून घ्यावी, आणि प्रत्येक स्लिपवर उरलेली बाकी पेनानं लिहून ठेवावी. कोकणात गणपतीसाठी उचल घेतली नाही असं घर विरळ. जुनी उचल फिटायच्या आत नवी घेतली की दोन्ही एका ओळीत मिसळतात आणि कुठली किती राहिली हे कोणालाच सांगता येत नाही. नवी उचल वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा.

कॅन्टीनचे 450. ठरलेला दर दिवसाला 18 रुपये. 450 भागिले 18 म्हणजे 25 दिवस. जून 2025 मध्ये पाच रविवार होते, कामाचे दिवस 25. पण ती दोन दिवस नव्हती. 23 दिवसांचे 414 व्हायला हवेत. 36 रुपये जास्त कापले. रक्कम लहान आहे, पण हजेरी बदलली तरी कपात तीच राहते हे दाखवणारी आहे, म्हणून सांगावी.

`UNI DEP` मात्र मला खटकली. गणवेश आणि बुटांची अनामत म्हणून तीन महिने 300 रुपये. नोकरीची किंवा गणवेशाची अनामत हे कारण त्या परवानगीच्या यादीत नाही. दिलेली वस्तू हरवली किंवा खराब झाली तर भरपाई कापता येते, पण आधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी देऊन, आणि झालेल्या नुकसानाइतकीच. आगाऊ नाही. शिवाय मासळीच्या कारखान्यात बूट, टोपी आणि हातमोजे स्वच्छतेसाठी लागतातच, ती कामाची साधनं आहेत. तिनं सही केलेल्या कागदांत या अनामतीचा उल्लेख आहे का हे पाहिलं. नव्हता.

सात हजारांचा हिशोब आणि ऑफिसला काय लिहायचं

20,145 मधून 13,243 वजा केले की 6,902 राहतात. त्यांतले 2,145 मालकाचे वाटे, 1,200 बिनपगारी दिवसांचे, 3,557 कपाती. सगळा पैसा सापडला. त्यापैकी 236 चुकीचे कापलेले, 300 वादाचे, आणि बाकीचं नियमात. हा आकडा आधी हातात असला की बोलायला जाताना आवाज चढवायची गरज पडत नाही.

तोंडी विचारू नका. पगार विभागाला ईमेल करा किंवा अर्ज देऊन पोच घ्या. तिनं पाठवलेला मजकूर असा:

"जून 2025 च्या पगारातून व्यवसाय कर 200 रुपये कापला आहे. माझा महिन्याचा पगार 25,000 पेक्षा कमी असून 1 एप्रिल 2023 पासून अशा स्त्री कर्मचाऱ्यांना हा कर लागू नाही. कृपया माझी नोंद दुरुस्त करून ही रक्कम पुढील पगारात परत करावी. कॅन्टीनचे शुल्क 25 दिवसांचे कापले आहे, माझी हजेरी 23 दिवस आहे, फरक 36 रुपये. गणवेश अनामत 300 रुपये कोणत्या नियमानुसार कापली आहे ते लेखी कळवावे."

विशेष भत्त्यावरच्या पीएफचा मुद्दा मी यात घालू दिला नाही. तो सगळ्यांचा आहे, आणि नोकरीला दोन महिने झालेल्या मुलीनं एकटीनं तो डोक्यावर घेऊ नये, असं मला वाटतं.

उत्तर आलं की थांबायचं नाही, पुढची स्लिप आधी स्वतः मांडून ठेवायची. जुलै पूर्ण भरला तर पगार 18,000. पीएफ 13,000 वर 1,560. राज्य विमा 135. कॅन्टीन 27 दिवसांचं 486. उचलीचा दुसरा हप्ता 1,000. पीटी शून्य, कल्याण निधी शून्य. कपाती 3,181, हातात 14,819, आणि परत मिळायचे 236 धरून 15,055. ऑगस्टमध्ये खात्यात 14,755 आले तर गणवेशाचे 300 पुन्हा कापलेत हे स्लिप उघडण्याआधीच कळेल.

ऑफिसनं दोन महिने दाद दिली नाही, तर पगारातल्या कपातीसाठी जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. तिचा कारखाना तळोज्यात आहे, म्हणून कार्यालय रायगडचं, रत्नागिरीचं नाही. पीएफ कापून भरलेला नसेल तर तक्रार `epfigms.gov.in` वर यूएएन टाकून करायची. दोन्हीकडे स्लिपची प्रत, बँकेची नोंद आणि पोच घेतलेला अर्ज लागतो. म्हणून प्रत्येक महिन्याची स्लिप मिळाली त्याच दिवशी, काळी पट्टी न मारलेली, स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी. नोकरी सोडल्यावर कंपनीचं पोर्टल बंद होतं आणि फोनमधला फोटो फोनबरोबर जातो.